नोकरी बदलण्याआधी तीन आकडे

अरे, ‘करिअर बदलू का?’ एवढ्यावर काय सांगू? वडोदऱ्याला मकरपुऱ्यात क्वालिटीला आहेस, डेटाच्या कामात जायचंय, इतकंच कळलं. आधी हे लिही:

१. घराला महिन्याला किती लागतात. पगार नव्हे, खर्च: हप्ता, शाळा, आईची औषधं. नवीन कामाचा सुरुवातीचा पगार यापेक्षा कमी असेल, तर तूट गुणिले बारा एवढी शिल्लक आधी हवी.

२. नोकरीला किती वर्षं झाली. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला साधारण पाच वर्षं लागतात. बेसिक २६,००० असेल तर वर्षाला १५,००० प्रमाणे पाच वर्षांचे ७५,०००. मी चार महिने आधी राजीनामा दिला होता, घाईत. बायको अजून त्या बुडालेल्या पैशांची आठवण काढते!

३. आईबाबा कंपनीच्या मेडिक्लेमवर आहेत का? नोकरीबरोबर तो जातो, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तीच विमा कंपनी वैयक्तिक पॉलिसीत बदलून देईल का, हे राजीनाम्याआधी एचआरला विचार.

कौशल्याचं म्हणशील, तर कोर्सची फी भरू नकोस अजून. तुझ्याच लाइनचा रिजेक्शनचा डेटा एक्सेलमध्ये घेऊन दोन रविवार बस. मग लिही इथे.