टोपीवरच्या उभार लोगोतून फोम का डोकावतो?

प्रश्न: नागपूरला आमच्या क्रिकेट क्लबसाठी पुढे उभार धाग्याचं 'नाग' असलेल्या टोप्या करून घेतल्या. अक्षरांच्या टोकांतून आतला फोम दिसतो आणि मधल्या शिवणीजवळ शिरोरेषा वाकडी झाली. चूक मशीनची की कारागिराची?

उत्तर: मी इतवारीत टोप्यांवरच्या एम्ब्रॉयडरीचंच काम करतो. तुमच्या वर्णनावरून दोष बहुधा पंचिंगचा, म्हणजे मशीनला दिलेल्या फाइलचा आहे. उभार अक्षरासाठी कापडावर फोम ठेवून त्यावरून टाके घालतात आणि बाहेर राहिलेला फोम नंतर ओढून काढतात. साध्या भरतकामाची फाइल तशीच फोमवर चालवली की नेमकं असंच होतं.

'न'चा उभा दंड घ्या. त्यावर टाके आडवे पडतात. सुई डाव्या-उजव्या कडेला सारखी टोचत राहते, म्हणून तिथला फोम पोस्टाच्या तिकिटासारखा सुटा होतो. पण दंडाच्या खालच्या टोकाला सुई कडेकडेने टोचतच नाही. फोम तिथे कापला जात नाही आणि उघडा राहतो. म्हणून त्या टोकावर आधी उभ्या छोट्या टाक्यांची पट्टी शिवून फोम बंद करायचा आणि मग दंड तिच्यावरून न्यायचा. वरचं टोकही असंच बंद करून शिरोरेषेखाली दाबायचं. शिरोरेषेच्या दोन्ही टोकांना मात्र स्वतंत्र पट्टी हवी; ती बहुतेक जण विसरतात.

टाकेही दाट लागतात. साध्या सॅटिन टाक्यात, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणाऱ्या टाक्यात, दोन ओळींतलं अंतर साधारण 0.4 मिमी असतं, फोमवर ते 0.2 मिमीच्या आसपास आणावं लागतं. फोम धाग्याच्याच रंगाचा घ्या, म्हणजे राहिलेला कण खुपत नाही. दंड 3 मिमीपेक्षा बारीक असेल तर उभार दबून जातो. असं अक्षर साधंच भरावं.

आता वाकडेपणा. टोपीचा पुढचा भाग गोल, तर मशीनची प्लेट त्याच्या मानाने सपाट. फाइल डावीकडून उजवीकडे चालली की कापड पुढे पुढे सरकतं आणि सगळा झोळ एका बाजूला गोळा होतो. म्हणून मध्यापासून सुरू करून आधी एक बाजू आणि मग दुसरी, शिवाय खालून वर शिवतात. झोळ बाहेर आणि माथ्याकडे निघून जातो. सहा कळ्यांच्या टोपीत मधली शिवण जाड असते. तिच्या उंचवट्यावरून सुई घसरते आणि लांब शिरोरेषा तिथेच हलते. तिथे वेग मिनिटाला 500-600 टाक्यांवर ठेवावा. मी तर उभार लोगोला पाच कळ्यांचीच टोपी सुचवतो, पुढे शिवणच नसते.

पुढच्या वेळी सगळा माल करण्याआधी एक टोपी नमुन्याला मागा आणि फोम तुमच्यासमोर ओढून काढायला सांगा. तो झटकन, कडेकडेने स्वच्छ निघाला तर फाइल बरोबर आहे. ओढताना टाके उचलले गेले किंवा कडेला फोमची झालर राहिली, तर टाके विरळ आहेत किंवा सुई बोथट आहे. चारदोन तंतू हीट गनच्या झटक्याने आत जातात, पण उघडं टोक त्याने झाकलं जात नाही. तुमच्या तयार टोप्यांवर आता फारसा इलाज नाही. पंचिंग नव्याने करून मागा.