रजेत आलेली अप्रेझलची तारीख

"माझं ऑपरेशन ठरलंय, सहा आठवड्यांची रजा मंजूर झालीय. आता अप्रेझलची मीटिंग नेमकी तिसऱ्या आठवड्यात लागली. पुढे ढकला म्हटलं तर टाळतेय असं वाटेल का? आणि काय झालंय ते सांगावं लागेल का?"

त्या समोर बसल्या तेव्हा फोनवर मेल लिहून तयार होता, फक्त पाठवायचा राहिला होता. मी वाचायला मागितला. बारा ओळी. पहिल्या चार ओळींत माफी, पुढच्या पाचांत गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेची सगळी हकिकत, आणि अगदी शेवटी, "शक्य असेल तर मीटिंगचं बघाल का?" नेमकी कोणती तारीख हवी, हे त्यात कुठेच नव्हतं. असे मेल माझ्याकडे बरेच येतात. माणूस कारण पटवून देण्यात इतका अडकतो की मागणी करायचीच राहून जाते.

मी विचारलं, "रजा मंजूर करताना साहेबांना काय सांगितलं होतं?"

"वैद्यकीय रजा एवढंच. कागद एचआरकडे दिले."

"मग आताही तेवढंच."

एकदा मंजूर झालेल्या रजेचं कारण तारीख बदलताना पुन्हा सिद्ध करावं लागत नाही.

मग मी त्यांना अप्रेझलच्या कामाचा क्रम विचारला. बहुतेकांना वाटतं की चर्चेच्या दिवशीच सगळं ठरतं. पुष्कळ कंपन्यांत तसं नसतं. आधी कर्मचारी स्वमूल्यांकनाचा फॉर्म भरतो, मग साहेब रेटिंग सुचवतात. त्यानंतर सगळे मॅनेजर एकत्र बसून ती रेटिंगं एकमेकांशी ताडून पाहतात, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. चर्चा कधी याच्या आधी असते, कधी नंतर. चर्चेची तारीख दोघांच्या सोयीने हलते, कॅलिब्रेशनची एका माणसासाठी सहसा हलत नाही. म्हणून नुसती चर्चा पुढे ढकलून घेतली आणि फॉर्म अर्धवट राहिला, तर आपली बाजू कागदावर न येताच रेटिंग ठरून जातं. खरा धोका हा आहे. "टाळतेय" असं कुणाला वाटेल का, ही त्यामानाने लहान गोष्ट.

त्यांनी एचआरला विचारलं. कॅलिब्रेशन २८ मार्चला होतं आणि अप्रेझलचं ऑनलाइन पोर्टल ३० एप्रिलला बंद होणार होतं. चर्चा लागली होती २१ मार्चला. त्याप्रमाणे मेल नव्याने लिहिला:

"नमस्कार सर, माझी मंजूर वैद्यकीय रजा ४ मार्च ते १४ एप्रिल अशी आहे. अप्रेझलची चर्चा २१ मार्चला लागली आहे. ती १७ किंवा १८ एप्रिलला घेता येईल का? स्वमूल्यांकनाचा फॉर्म मी २८ फेब्रुवारीपर्यंत पुराव्यांसह भरून देते, म्हणजे कॅलिब्रेशनच्या वेळी तो तुमच्या हाताशी असेल."

१५ तारीख का नाही, असं त्यांनी विचारलं. परतल्याच्या पहिल्या दिवशी साचलेले मेलच उरकत नाहीत, त्यात वर्षभराच्या कामावर नीट बोलणं कसं होणार? शिवाय त्यांची डॉक्टरांकडची तपासणी १२ एप्रिलला होती. रजा वाढली असती तरी पोर्टल बंद व्हायला दिवस शिल्लक होते.

साहेबांचं उत्तर आलं, "अहो, वीस मिनिटं फोनवर बोलून टाकू, घरूनच." ते चांगल्या मनाने म्हणाले असावेत, पण बहुतेक जण इथेच हो म्हणून मोकळे होतात. ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या आठवड्यात काहींची वेदनेची औषधं अजून चालू असतात, थकवा तर असतोच. अशा वेळी रेटिंगवरचं बोलणं ऐकून जागच्या जागी मुद्देसूद उत्तर देणं अवघड. आम्ही एका वाक्यात उत्तर दिलं: "रजेत मी कामाच्या चर्चेला उपलब्ध नसेन, १७ तारीख चालेल का?" आणि खाली एक ओळ, "तोपर्यंत पोर्टलवर रेटिंगची पोचपावती मागितली गेली, तर ती मी चर्चेनंतर देईन." काही पोर्टलवर पोचपावतीच्या बटणावर "वाचलं" लिहिलेलं असतं, काहींवर "मान्य". दाबण्याआधी ते पाहायला मी आवर्जून सांगते.

साहेबांनी १७ तारीख दिली.

फॉर्मवर मात्र आम्ही दोन बैठका घालवल्या. पाच उद्दिष्टांपैकी एक अपुरं राहिलं होतं, कारण दुसऱ्या विभागाकडून माहितीच उशिरा आली होती. त्या मेलच्या तारखा त्यांनी फॉर्ममध्ये घातल्या.

१७ एप्रिलला चर्चा पन्नास मिनिटं चालली. रेटिंग त्यांना हवं होतं त्याहून एक पायरी खालीच होतं, आणि कॅलिब्रेशन होऊन गेल्यामुळे साहेब ते बदलू शकले नाहीत. पण "उद्दिष्ट वेळेत पूर्ण केलं नाही" हा शेरा त्यांनी तिथल्या तिथे बदलून "माहिती उशिरा मिळाल्याने पूर्ण होऊ शकलं नाही" असा केला. त्यानंतरच बाईंनी पोचपावतीचं बटण दाबलं.