ऋणनिर्देशात कोणाचं नाव, कोणत्या कामासाठी?

*मॅडम, मी एमएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या सत्राला आहे. झिंक ऑक्साइडचे नॅनोकण तयार करून त्यांनी मिथिलीन ब्लू या रंगाचं विघटन करायचं, असा प्रकल्प आहे. आमचा तिघींचा गट आहे, पण अहवाल प्रत्येकीचा वेगळा. ऋणनिर्देशाचं पान मी एका सीनियरच्या अहवालातून घेतलंय: देव, आईबाबा, संस्थाचालक, प्राचार्य, विभागप्रमुख, गाईड आणि शेवटी ‘सर्व शिक्षकेतर कर्मचारी व मैत्रिणी’. पण गाईड सरांनी विषय दिला आणि दोन-तीनदा तपासलं, एवढंच. उपकरणं शिकवली ती पीएचडी करणाऱ्या ताईने. रीडिंग जुळत नव्हती तेव्हा ‘आधी सेंट्रिफ्यूज करा’ असं लॅबमधल्या मामांनी सांगितलं. एका मैत्रिणीने निम्मी रीडिंग घेतली, दुसरी फारशी आलीच नाही. एक्सआरडी बाहेरच्या संस्थेत पैसे भरून करून घेतलं. मग कोणाचं काय लिहायचं? सर नाराज झाले तर? आणि हे पान कोणी वाचतं का?*

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. हो, वाचतात. परीक्षक प्रकल्पाची प्रत हातात घेतात तेव्हा प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र आणि ऋणनिर्देश ही पानं आधी लागतात. पुढे पीएचडीच्या किंवा कंपनीच्या मुलाखतीला तू हाच अहवाल नेशील, तेव्हा ‘यातलं तू स्वतः काय केलंस?’ हा प्रश्न येणारच. एक्सआरडीचा आलेख दाखवून तू गप्प राहिलीस, तर यंत्र तूच चालवलंस असा समज होईल आणि दुसऱ्याच प्रश्नाला तो खोटा ठरेल. ऋणनिर्देशात संस्थेचं नाव असेल तर ही वेळ येत नाही. समोरच्याला आधीच कळलेलं असतं की नमुना तू तयार केलास, मोजणी तिथे झाली आणि आलेखाचा अर्थ तू लावलास.

म्हणून सीनियरचं पान बाजूला ठेव. त्या पानात कोणाचंही काम नाही, नुसता मान आहे. ‘सर्व शिक्षकेतर कर्मचारी’ हे शब्द तर मला फार खटकतात. ज्यांचा हातभार सगळ्यात ठोस असतो त्यांनाच त्यात बिननावाचं करून टाकलेलं असतं. आपण कसोटी एकच ठेवू: प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीने नेमकं काय केलं ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

सुरुवात मामांपासून कर, कारण तुझ्या पत्रातली सर्वांत मोलाची मदत त्यांची आहे आणि तिचं वजन तुला पुरतं जाणवलेलं दिसत नाही. रंगाच्या द्रावणात झिंक ऑक्साइडचे कण तरंगत असताना तू नमुना थेट स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवलास, तर ते कण प्रकाश विखुरतात. यंत्राला विखुरलेला प्रकाश आणि शोषलेला प्रकाश यांतला फरक कळत नाही. त्यामुळे 664 नॅनोमीटरच्या आसपास शोषणांक फुगलेला दिसतो आणि विघटन आहे त्यापेक्षा कमी भरतं. शिवाय दर नमुन्यात कण कमी-जास्त असल्याने रीडिंग एका रेषेत बसत नाहीत. सेंट्रिफ्यूज करून कण खाली बसवले आणि वरचं स्वच्छ द्रावण घेतलं की हा दोष जातो. म्हणजे मामांनी तुझ्या मोजमापातली चूक पकडली. ‘सहकार्य केले’ या दोन शब्दांत ते मावत नाही. तसंच लिही: नमुने मोजण्यापूर्वी सेंट्रिफ्यूज करण्याची सूचना त्यांची. आणि सेंट्रिफ्यूज करण्याची पायरी कार्यपद्धतीच्या प्रकरणातही आली पाहिजे, किती फेऱ्यांवर आणि किती मिनिटं यासकट. आभार मानले म्हणून ती तिथून वगळता येणार नाही.

आता मामांचं पूर्ण नाव. आपल्याकडे लॅबमध्ये ‘मामा’, ‘काका’, ‘भाऊ’ म्हणत दोन वर्षं जातात आणि आडनावही माहीत नसतं. अहवालात ‘मामा’ चालणार नाही. सरळ जाऊन विचार: नाव सहीत कसं लिहिता, हुद्दा काय? प्रयोगशाळा सहायक आणि प्रयोगशाळा परिचर ही दोन वेगळी पदं आहेत. चुकीचा हुद्दा छापला तर तो दुखावणारा असतो, आणि एकदा बाइंडिंग झालं की दुरुस्त होत नाही. विचारायला जाशील तेव्हाच त्यांच्याबद्दल लिहिलेलं वाक्यही वाचून दाखव. हा केवळ शिष्टाचार नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयसीएमजेईने, ज्यांचे आभार मानायचे त्यांची लेखी परवानगी घ्यावी असा सल्ला दिला आहे. आभारात नाव आलं की त्या व्यक्तीला तुमचे निष्कर्ष मान्य आहेत असा अर्थ निघू शकतो, हे त्याचं कारण. कॉलेजच्या प्रकल्पाला लेखी परवानगी कोणी मागणार नाही, पण वाक्य दाखवायला काय हरकत आहे?

गाईड सरांचं नाव पहिलं येईल. प्रमाणपत्रावर त्यांची सही असते, त्यामुळे ऋणनिर्देशात ते नाव नसलं किंवा खाली ढकललं तर वाचणाऱ्याला भांडण दिसतं. पण ‘अथक परिश्रम’, ‘अमूल्य मार्गदर्शन’, ‘पदोपदी प्रेरणा’ हे शब्द घालू नकोस. ते खरे नाहीत, आणि हे सगळ्यांत आधी सरांनाच कळेल. त्यांनी केलं तेवढंच लिही: विषय सुचवला, आराखडा आणि मसुदा तपासला. थोडं आठवून बघ, त्या दोन-तीन बैठकांत त्यांनी एखादी गोष्ट बदलायला लावली असेल. समज, दिवा लावण्याआधी द्रावण अर्धा तास अंधारात ढवळायला त्यांनी सांगितलं असेल, तर ती मोठी गोष्ट आहे. काही रंग कणांच्या पृष्ठभागाला नुसता चिकटूनच कमी होतो. अंधारातली पायरी गाळली तर तो सगळा विघटनाच्या खात्यावर जमा झाला असता. असं एक नेमकं वाक्य सरांना दहा विशेषणांपेक्षा जास्त आवडेल. कमी लिहिलं म्हणून नाराज होणारे सर क्वचित असतात, खोटं वाटेल असं लिहिलं तर अवघडणारे बरेच.

ताईचं नाव लगेच सरांच्या खाली, ‘संशोधक विद्यार्थिनी’ या हुद्द्यासह. कोणतं उपकरण शिकवलं ते लिही. सरांच्या वाट्याचं तिला देऊ नकोस आणि तिच्या वाट्याचं सरांना देऊ नकोस. ‘सरांच्या मार्गदर्शनाखाली ताईंनी शिकवले’ अशी सरमिसळ केली की दोघांचंही काम धूसर होतं.

मैत्रिणींचा भाग सर्वांत नाजूक आहे, आणि तो तुमच्या प्रतिज्ञापत्राशी बांधलेला आहे. त्या पानावर तू ‘हे काम माझे स्वतःचे आहे’ अशी सही करतेस, आणि आत तक्त्यातली निम्मी रीडिंग दुसरीने घेतलेली आहेत. तिघींच्या अहवालांत तेच आकडे दिसणार, म्हणजे परीक्षकाला प्रश्न पडणार की कोणी कोणाचं उतरवलं. हे तूच आधी सांगून मोकळी हो: ऋणनिर्देशात तिने कोणत्या संचाची रीडिंग घेतली ते लिही आणि त्या तक्त्याखाली ‘अमुक प्रयोगांची रीडिंग अमुक यांनी घेतली’ अशी एक ओळ टाक. एकट्या ऋणनिर्देशावर भागवू नकोस, कारण आकडे वाचणारा ते पान उलटून पाहीलच असं नाही. तिच्या अहवालातही तुझ्याबद्दल हेच यायला हवं, तेव्हा दोघींनी एकदा बसून कोणती रीडिंग कोणाची याची यादी प्रयोगवहीतल्या तारखा लावून करा.

जी फारशी आली नाही तिच्यावर सूड उगवायची ही जागा नाही, आणि खोटं श्रेय द्यायचीही नाही. तिने रंगाचं मूळ द्रावण करून दिलं असेल, तर तेवढंच लिही. काहीच केलं नसेल, तर आभाराच्या वाक्यात नाव घालायची गरज नाही. गटातली सदस्य म्हणून जिथे लिहायचं तिथे ते येईलच. तिच्या गैरहजेरीबद्दल बोलायचं असेल तर सरांशी आणि तोंडी बोल.

पैसे भरून एक्सआरडी केलं म्हणून आभार टाळायचे नाहीत. संस्थेचं आणि विभागाचं पूर्ण नाव लिही. बऱ्याच उपकरण केंद्रांची अशी अट असते की त्यांच्याकडच्या मोजणीचा उल्लेख अहवालात किंवा शोधनिबंधात करावा, आणि कधी कधी कोणत्या शब्दांत करावा हेही ठरलेलं असतं. नमुना देताना भरलेला अर्ज काढून बघ. तिथल्या तंत्रज्ञांनी नेहमीच्या मोजणीपलीकडे काही केलं असेल, उदाहरणार्थ पावडर जाडसर आहे म्हणून पुन्हा खलून द्यायला सांगितलं असेल, तरच त्यांचं नाव वेगळं घे. खर्च विभागाने किंवा एखाद्या योजनेने केला असेल तर तेही एका ओळीत येऊ दे.

प्राचार्य आणि विभागप्रमुखांसाठी एक वाक्य पुरे. आईबाबांचं शेवटी, एका ओळीत, मनापासून. बहि:स्थ परीक्षकांचे आभार कधीही मानू नकोस, त्यांनी अजून तुला गुण द्यायचेत. हे सगळं मिळून पान साधारण असं होईल:

> या प्रकल्पाचा विषय माझे मार्गदर्शक डॉ. — यांनी सुचवला आणि प्रयोगांचा आराखडा व अहवालाचा मसुदा तपासला. अंधारात ढवळण्याची पायरी त्यांच्या सूचनेवरून घेतली. संशोधक विद्यार्थिनी श्रीमती — यांनी मला स्पेक्ट्रोफोटोमीटर वापरायला शिकवले. मोजणीपूर्वी नमुने सेंट्रिफ्यूज करण्याची सूचना प्रयोगशाळा सहायक श्री. — यांची असून तिच्यामुळे रीडिंगमधील दोष दूर झाला. तक्ता 3 मधील पहिल्या दोन संचांची रीडिंग माझ्या सहकारी कु. — यांनी घेतली. रंगाचे मूळ द्रावण कु. — यांनी तयार केले. एक्सआरडी मोजणी — या संस्थेत झाली. प्रयोगशाळेच्या सुविधांबद्दल विभागप्रमुख व प्राचार्य यांची मी आभारी आहे. आईबाबांच्या आधाराशिवाय हे शिक्षण झाले नसते. या सर्वांचे मनःपूर्वक आभार.

नावं, हुद्दे, तक्त्याचा क्रमांक आणि सूचना कोणाची हे तुझ्या प्रयोगवहीवरून भर. अंधाराची पायरी सरांनी सांगितली नसेल तर ते वाक्य काढून टाक. अहवाल इंग्रजीत असेल तर वाक्यं अशीच साधी ठेव, आणि बाइंडिंगला देण्याआधी हे पान सरांना नक्की दाखव.

पुढे सरांनी या कामावर शोधनिबंध करायचं काढलं, तर मात्र हे पान जसंच्या तसं तिकडे नेऊ नकोस. निबंधात आधी लेखक कोण हे ठरतं आणि लेखकांचे आभार मानत नाहीत. निम्मी रीडिंग घेणारी मैत्रीण निष्कर्ष काढण्यात आणि लिखाणातही सहभागी झाली, तर तिची जागा लेखकांच्या यादीत आहे. ताईचंही तसंच. ‘आभारात नाव घालू की’ म्हणून त्यांना खाली उतरवणं चालणार नाही. हा विषय मसुदा लिहायला घेण्याआधी सरांसमोर, तिघी हजर असताना काढ.