३०० च्या उंबरठ्यावर आलेली ईएल: डिसेंबरपर्यंत कोणती रजा टाकावी?

प्रश्न: केंद्र सरकारी कार्यालयात आहे. १ जुलैला ईएल २९६ होती, त्यानंतर एकही घेतलेली नाही. सीएल पाच उरल्यात. सगळे म्हणतात ३०० च्या वर गेली की लॅप्स. निवृत्तीला तीन वर्षं आहेत. आता डिसेंबरपर्यंत कोणती रजा टाकू?

उत्तर: मी एका केंद्रीय कार्यालयात आस्थापना शाखेत आहे आणि बरीच वर्षं लोकांचे रजेचे हिशेब बघते. तुम्हाला केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ लागू आहेत असं धरून लिहिते आहे. राज्य सरकारचे आणि रेल्वेचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे त्या वाचकांनी हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत.

आधी तुमच्या खात्यात नेमकं काय झालंय ते बघू. ईएल, म्हणजे अर्जित रजा, दर १ जानेवारीला आणि १ जुलैला १५-१५ दिवस आगाऊ जमा होते. शिल्लक २८५ किंवा कमी असेल तर ते १५ सरळ मिळवले जातात. २८६ ते ३०० च्या मध्ये असेल तर मात्र मिळवत नाहीत, बाजूला ठेवतात. रजा लेख्यात म्हणूनच २९६+१५ अशी नोंद दिसते. त्या सहामाहीत तुम्ही जी ईएल घ्याल ती आधी या बाजूच्या १५ मधून वजा होते. सहामाही संपली की उरलेले दिवस मूळ शिलकेत मिळवतात आणि बेरीज ३०० च्या वर गेली तर वरचे दिवस बुडतात.

म्हणजे १ जुलैला २९६ होती म्हणून तेव्हाच काही बुडालेलं नाही. तुम्ही ३१ डिसेंबरपर्यंत एकही ईएल घेतली नाहीत तर २९६ आणि १५ मिळून ३११ होतील आणि ११ दिवस जातील. ११ घेतलीत तर बाजूचे ४ उरतील, २९६ चे बरोबर ३०० होतील आणि काहीच जाणार नाही. डिसेंबरपर्यंतचा तुमचा आकडा हा ११. यात रजेचे दिवस ३१ डिसेंबरच्या आत पडायला हवेत. अर्ज डिसेंबरमध्ये आणि रजा जानेवारीत, याचा उपयोग नाही.

सीएलचं, म्हणजे नैमित्तिक रजेचं, गणित साधं आहे. वर्षाला आठ, ३१ डिसेंबरला उरलेल्या संपल्या, पैसे नाहीत, पुढे नेणं नाही. म्हणजे तुमच्या ११ ईएल आणि ५ सीएल, दोन्ही एकाच तारखेला बुडणार आहेत. सोळा दिवसांची रजा दोन-तीन महिन्यांत कोणता अधिकारी देईल, हा खरा पेच आहे. शिवाय ईएलला सीएल जोडता येत नाही, त्यामुळे सलग मोठी सुट्टी करून दोन्ही संपवणंही शक्य नाही.

यातून एक चांगली वाट आहे आणि ती आमच्या शाखेत येणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात असते. तुमच्या ब्लॉकमधली एलटीसी, म्हणजे रजा प्रवास सवलत, घ्यायची राहिली आहे का बघा. एलटीसीवर जाताना दहा दिवसांपर्यंत ईएल रोखीत घेता येते. अख्ख्या नोकरीत मिळून हे साठ दिवसांपर्यंत करता येतं, आणि ते दिवस वजा करूनही खात्यात निदान ३० ईएल उरायला हवी. तुमची अडचण तीसची नाहीच. आता महत्त्वाचं म्हणजे या दहा दिवसांच्या रोखीसाठी तितक्याच दिवसांची ईएल प्रत्यक्ष घ्यावी लागत नाही आणि एलटीसीचा प्रवास सीएलवरसुद्धा करता येतो.

मग असं करा. सोमवार ते शुक्रवार पाच सीएल टाका. पाच दिवसांचा आठवडा असेल तर अलीकडचे-पलीकडचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस हातात येतात. कुटुंबासह एलटीसीवर जा आणि निघण्याआधीच दहा ईएलच्या रोखीचा अर्ज देऊन मंजुरी घ्या. २९६ आणि १५ मिळून ३११, त्यातून १० गेले की ३०१ राहतात. म्हणजे आणखी फक्त एक ईएल घ्यायची उरते. तीही डिसेंबरातल्या एखाद्या शुक्रवारी टाका. सोळाऐवजी सहा कामाचे दिवस तुम्ही कार्यालयाबाहेर असाल, म्हणून मंजुरीही सोपी जाईल.

पैशात बघा. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून समजा ९०,००० होत असतील, तर तीसने भागून एका दिवसाचे ३,००० येतात. दहा दिवसांचे ३०,००० झाले. हे पगारात धरून त्यावर आयकर लागतो. पण हे दिवस तसेही बुडणारच होते. आणि हे दहा दिवस निवृत्तीच्या वेळच्या ३०० च्या मर्यादेतून वजा होत नाहीत. बरेच जण याच भीतीने एलटीसीवर रोख घेत नाहीत. २००८ पासून ती भीती बाळगायचं कारण उरलेलं नाही.

एलटीसी उरलीच नसेल तर ११ ईएल प्रत्यक्ष घ्यायच्या. ती कशी मांडता यावर बरंच अवलंबून आहे. ईएलच्या मध्ये आलेले शनिवार-रविवार रजेत मोजले जातात, आधीचे आणि नंतरचे जोडून घेता येतात. सोमवारपासून पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत सलग टाकलीत तर १२ ईएल जातात आणि १६ दिवस मिळतात. तेच सोमवार ते शुक्रवार असे दोन वेगळे आठवडे घेतलेत तर १० ईएल जातात आणि १८ दिवस मिळतात. अकरावी कुठेही एका दिवसाची. लांब प्रवास किंवा घरचं कार्य नसेल तर मी नेहमी दोन तुकडे करायला सांगते, साहेबांनाही पाच दिवसांची रजा मंजूर करणं जड जात नाही. सीएलच्या मध्ये आलेली सुट्टी मात्र सीएलमध्ये मोजत नाहीत.

आता पुढची तीन वर्षं. १ जानेवारीला तुमची नोंद ३००+१५ होईल. इथून पुढे दर सहामाहीला १५ दिवस घेतलेत तर ३०० ला धक्का लागत नाही, आणि कमी घेतलेत तर जितके कमी तितके बुडतात. तीन वर्षांत सहा सहामाह्या, म्हणजे नव्वद दिवस. हे नव्वद दिवस तुमचे आहेत आणि ते न घेतल्याने निवृत्तीला एक पैसाही वाढणार नाही.

इथे लोक चुकतात ते ३० जूनला. ‘रजा डिसेंबरात संपते’ हे सीएलमुळे डोक्यात इतकं बसलेलं असतं की जून कुणाच्या ध्यानातच येत नाही. आमच्याकडच्या एका सहकाऱ्यांचं हेच झालं. १ जानेवारीला त्यांची नोंद ३००+१५ होती. मुलाचं लग्न जुलैत होतं, त्यासाठी म्हणून त्यांनी सहा महिने एकही ईएल घेतली नाही, लागेल तेव्हा सीएल काढली. मे महिन्यात जुलैच्या वीस दिवसांचा अर्ज दिला आणि मंजूरही झाला. ३० जूनला १५ दिवस गेले. जुलैत पुन्हा ३००+१५, त्यातून २० वजा, उरले २९५. कुणी आधी विचारलं असतं तर जूनपर्यंत १५ दिवस सहज काढता आले असते आणि सीएल वर्षअखेरीस हाताशी राहिल्या असत्या. नोंद दाखवली तेव्हा ते रजिस्टरच्या त्या रकान्याकडे बराच वेळ बघत राहिले. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं, करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

म्हणून जानेवारी ते जून ठरवून घ्यायची प्रत्येक रजा ईएलमध्ये टाका आणि सीएल राखून ठेवा, कारण त्या जूनला बुडत नाहीत. तीन आठवडे, सोमवार ते शुक्रवार, झाले पंधरा. जुलै ते डिसेंबर दोन्ही संपवायच्या असतात, तेव्हा जुलैतच बसून तारखा ठरवा. रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, कामाच्या निकडीपोटी ती नाकारता येते, आणि नाकारलेली रजा ३०० च्या वर साठवून कुणी देत नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांचे अर्ज एकदम येतात आणि तेव्हाच नकार मिळतात.

आणखी एक भीती काढून टाका. ३०० ला हातच लावायचा नाही असं नाही. घरच्या कार्याला तीस दिवस लागले तर घ्या. ३००+१५ मधून ३० गेले की २८५ उरतात, पुढच्या सहामाहीला १५ थेट जमा होऊन पुन्हा ३०० होतात, फक्त त्या सहामाहीत काही बुडण्याचा प्रश्न नसतो. भरून यायला वेळ उरलेला असेपर्यंत नुकसान नाही. खरी काळजी शेवटच्या सहामाहीत. तेव्हा पूर्ण १५ मिळत नाहीत, नोकरीच्या प्रत्येक पूर्ण महिन्याला अडीच दिवस मिळतात. ३० एप्रिलला निवृत्त होणाऱ्याला चार महिन्यांचे दहाच. १ जानेवारीला ३०० असतील तर एप्रिलअखेर दहा घ्यायचे, पंधरा घेतलेत तर २९५ चे पैसे मिळतील. ते पाच एचपीएलमधून, म्हणजे अर्धवेतनी रजेतून, भरून निघतात, पण अर्ध्या वेतनाच्या दराने. निवृत्तीच्या या रकमेवर सरकारी कर्मचाऱ्याला आयकर लागत नाही.

आजारपणाचंही याच हिशेबात बसवा. एचपीएल वर्षाला २० जमा होते आणि तिला साठ्याची मर्यादा नाही, म्हणून तुमच्याकडे ती भरपूर असणार. पण ईएल ३०० असेल तर निवृत्तीला एचपीएलचे काही मिळत नाही, कारण दोन्ही मिळून ३०० च देतात. तेव्हा आजारी पडलात तर त्या सहामाहीच्या १५ पैकी जितके दिवस बुडणार आहेत तितके आधी ईएलमध्ये टाका. त्याच्या पलीकडची रजा वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा म्हणून घ्या. पूर्ण पगार मिळतो आणि एचपीएलमधून दुप्पट दिवस जातात. समजा घाईत सगळीच परिवर्तित म्हणून लिहून दिलीत, तर रजेवरून रुजू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत ती ईएलमध्ये बदलून द्या असा अर्ज करता येतो. मात्र अधिकारी स्वतःहून रजेचा प्रकार बदलू शकत नाही, लेखी तुम्हीच मागायला हवं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आस्थापना शाखेत जाऊन रजा लेखा उघडून बघा. ३००+१५ असं दिसायला हवं. २९६ वरच थांबलेलं किंवा बाजूचे १५ लिहायचेच राहिलेले दिसले तर तिथेच नोंद करून घ्या. बाजूचे १५ लिहायचे राहून गेल्याचं मी स्वतः दोनदा पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा कर्मचाऱ्याने येऊन विचारलं म्हणून ते दुरुस्त झालं.