१२ ने भाग जाणारी सर्वात मोठी संख्या : अंक कोणता वगळावा आणि शेवटी कोणते ठेवावेत

प्रश्न : आम्ही निपाणीजवळ राहतो. मुलीच्या सराव पुस्तकात प्रश्न आहे : ८, ७, ७, ५, ४, ३, १ हे अंक दिलेत तेवढ्याच वेळा वापरायचे, सगळे वापरलेच पाहिजेत असे नाही, आणि १२ ने भाग जाणारी सर्वात मोठी संख्या करायची. तिने ८७७३१४ काढली. पुस्तकात ७७३१८४ आहे. एवढी लहान संख्या बरोबर कशी?

उत्तर : ताई, पुस्तकातले उत्तर बरोबर आहे, आणि मुलीची चूक नेमकी कुठे झाली तेही तिच्या उत्तरावरून दिसते. ८७७३१४ च्या अंकांची बेरीज ३० आहे आणि शेवटचा अंक सम आहे, म्हणजे तिने ३ ची आणि २ ची कसोटी लावली. त्यामुळे संख्येला ६ ने भाग जातो, १२ ने जात नाही. खानापूर तालुक्यात मी बरीच वर्षे शिकवण्या घेतो आहे आणि या प्रकारात हीच चूक मला सर्वांत जास्त वेळा दिसली आहे. काही मुले १२ साठी २ आणि ६ अशी जोडी घेतात, पण १८ ला त्या दोन्हींनी भाग जातो, १२ ने मात्र जात नाही. १२ चे अवयव सहमूळ हवेत, म्हणून ३ आणि ४ हीच जोडी घ्यावी.

या दोन कसोट्यांचे स्वभाव वेगळे आहेत. ३ ची कसोटी फक्त बेरीज पाहते, अंकांचा क्रम कसाही असला तरी तिला फरक पडत नाही. म्हणून कोणते अंक ठेवायचे हे ती ठरवते. १०० ला ४ ने भाग जात असल्यामुळे ४ ची कसोटी फक्त शेवटचे दोन अंक पाहते. म्हणून शेवटी काय बसवायचे हे ती ठरवते.

दिलेल्या सात अंकांची बेरीज ३५ येते आणि ३ ने भागल्यावर बाकी २ उरते (तुमच्याकडची कन्नड माध्यमातली मुले हिला शेष म्हणतात). म्हणजे सातही अंक वापरता येणार नाहीत. जास्त अंकांची संख्या नेहमीच मोठी असल्यामुळे शक्य तर एकच अंक वगळावा, आणि तो ३ ने भागल्यावर बाकी २ देणारा असावा. असे अंक दोनच आहेत, ५ आणि ८.

आता ४ ची कसोटी पाहू. दशकस्थानी विषम अंक असेल तर एककस्थानी २ किंवा ६ लागतो. दशकस्थानी सम अंक असेल तर एककस्थानी ०, ४ किंवा ८ लागतो. आपल्याकडे २, ६ किंवा ० नाही, सम अंक फक्त ८ आणि ४ आहेत. त्यामुळे शेवटी ४८ किंवा ८४ यांखेरीज काहीच बसत नाही, आणि ८ वगळला तर एकही पर्याय उरत नाही. म्हणून ५ वगळायचा. उरलेले ७, ७, ३, १ उतरत्या क्रमाने पुढे मांडायचे आणि शेवटी ४८ पेक्षा मोठा असलेला ८४ ठेवायचा : ७७३१८४ = १२ × ६४४३२. सर्वांत मोठा अंक पुढे ठेवण्याची आपली सवय इतकी घट्ट असते की ८ मागे टाकायला हात धजत नाही, पण इथे त्याला दुसरी जागाच नाही.

दोन ७ पैकी एकाच्या जागी २ असता तर चित्र पूर्ण पालटले असते. ८, ७, ५, ४, ३, २, १ यांची बेरीज ३० आहे, म्हणून काहीच वगळावे लागत नाही. शेवटी १२, २४, २८, ३२, ४८, ५२, ७२, ८४ असे कितीतरी पर्याय आहेत, पण ८, ७, ५, ४ पुढे राखायचे तर शेवटी १२ किंवा ३२ च येऊ शकतात. ३२ शेवटी घेतल्यास ८७५४१३२ मिळते. १२ घेतल्यास ३ पुढे राहतो आणि ८७५४३१२ मिळते, तेच उत्तर. म्हणजे शेवटची जोडी स्वतः मोठी असण्यापेक्षा तिने पुढे काय सोडले हे आधी पाहायचे. पुढचे अंक सारखेच राहत असतील तेव्हाच मोठी जोडी निवडायची.

अजून एका ठिकाणी मुले घसरतात. वगळायचे दोन पर्याय असले की ती लहान अंक डोळे मिटून वगळतात. मी मुलांना रस्त्यावरच्या केए-२२ च्या पाट्यांवरील चार अंक घ्यायला सांगतो. समजा २५३७ दिसले. बेरीज १७, बाकी २, वगळण्याजोगे अंक २ आणि ५. लहान म्हणून २ वगळला तर ७, ५, ३ उरतात, सगळे विषम, आणि वाट बंद होते. ५ वगळला तर ७, ३, २ उरतात. शेवटी ३२ ठेवून ७३२ मिळते आणि ७२ ठेवून ३७२, म्हणून उत्तर ७३२. एक अंक वगळण्याचे सर्व पर्याय असे बंद झाले, तरच दोन अंक वगळण्याकडे वळायचे. बाकी २ असेल तर प्रत्येकी बाकी १ देणारे दोन, आणि बाकी १ असेल तर प्रत्येकी बाकी २ देणारे दोन.

ही रीत ६, १२, १५, ३६ यांसारख्या भाजकांना चालते, कारण तिथे एक कसोटी बेरजेची आणि दुसरी शेवटच्या अंकांची असते. ११ साठी ती वापरू नका. त्या कसोटीत प्रत्येक अंकाचे स्थान सम आहे की विषम हे मोजले जाते, त्यामुळे पुढचे अंक नुसते उतरत्या क्रमाने लावून चालत नाही.