‘जागृत झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न : माझा मावसभाऊ व्हिडिओ पाहून पहाटे दोन-दोन तास प्राणायाम करतो. ‘माझी कुंडलिनी जागृत झालीय’ असं सांगतो. अंगात आग होते, हात थरथरतात, तीन आठवडे धड झोप नाही. काळजी केली की ज्ञानेश्वरीतलं ‘परि बिहावें ना’ ऐकवतो. ‘जागृत होणे’ हा शब्द ज्ञानेश्वरीतला आहे का? आणि त्या ओवीचा अर्थ खरंच ‘घाबरू नका, चालू ठेवा’ असा आहे का?

उत्तर : ज्ञानेश्वरीतल्या कुंडलिनीच्या वर्णनात ‘जागृत’ हा शब्द माझ्या तरी वाचनात नाही. तिथली क्रियापदं साधी, घरगुती आहेत. कुंडलिनी, म्हणजे कण्याच्या तळाशी वेटोळं घालून असते अशी मानलेली शक्ती, ‘निदेली असे’, म्हणजे झोपली आहे. वज्रासनाने चिमटा बसला की ती ‘सावधु होय’. मग ती वेढे सोडते आणि ‘कवतिकें आंग मोडिती’, म्हणजे झोपेतून उठलेलं माणूस आळोखेपिळोखे देतं तशी. पुढे ‘चेवविली’ येतं. चेवणं म्हणजे जागं होणं, चेववणं म्हणजे जागं करणं. ‘चेव येणे’ आपण अजून म्हणतो, पण त्यात जागेपणापेक्षा आवेशच जास्त उरला आहे.

संस्कृतात पाहिलं तर हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात (साधारण पंधरावं शतक) ‘सुप्ता गुरुप्रसादेन यदा जागर्ति कुण्डली’ असं आहे. ‘जागर्ति’ म्हणजे ‘जागी होते’. ‘जागृत’ हे रूप पाणिनीच्या हिशेबात बसत नाही, तिथे ‘जागरित’ हवं. पण मराठीत ते इतकं रुळलंय की त्याला अशुद्ध म्हणणं म्हणजे उगाच कीस काढणं. माझा आक्षेप वेगळाच आहे. मराठीत ‘जागृत’ म्हटलं की आधी ‘जागृत देवस्थान’ आठवतं : नवसाला पावणारं, कडक. ते वलय ‘जागृत कुंडलिनी’लाही येऊन चिकटलं. ‘जागी झाली’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता, की बरं, जागी झाली, मग पुढे? ‘जागृत झाली’ म्हटलं की काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. ज्ञानेश्वरीत मात्र जागं होणं ही सुरुवात आहे. नंतर तिला ‘बहुतां दिवसांची भूक’ लागते आणि ती साधकाच्या देहातलं मांस-रस खात सुटते. त्या ओव्या वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यावा असंच ते लिहिलेलं आहे.

आता तुमच्या भावाची ओवी. ती कुंडलिनीविषयी नाहीच. ती तिच्या थोडी आधी येते आणि तिथे कर्ता आहे अपान, म्हणजे शरीरात खाली जाणारा वायू. मूळबंधाने खालची वाट बंद झाली की अपान मागे फिरतो, कोंडला जातो, पोटात शिरतो, कफपित्ताचे थारे उरू देत नाही, मेदाचे पर्वत फोडतो. मग :

नाडीतें सोडवी । गात्रांतें विघडवी ।
साधकातें भेडसावी । परि बिहावें ना ॥

‘बिहावें ना’ म्हणजे भिऊ नये, हे बरोबर. पण तुमचा भाऊ इथे थांबतो. लगेच पुढच्या ओवीची सुरुवात अशी आहे : ‘व्याधीतें दावी । सवेंचि हरवी ।’ व्याधी दाखवतो आणि सवेंचि, म्हणजे लगेच, त्याच पावली, नाहीशी करतो. भिऊ नये याचं कारण हे ‘सवेंचि’ आहे. आला तसा जाणारा त्रास असेल तर धीर धरा, असं सांगणं आहे. तीन आठवडे मुक्काम ठोकलेला त्रास या ओवीत बसत नाही. ओवी त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभी केली तर उलटतपासणीत ती फिरते.

दुसरी एक फसगत ‘वज्रासन’ या शब्दात आहे. आज आपण जेवणानंतर गुडघे दुमडून टाचांवर बसतो त्याला वज्रासन म्हणतो. ज्ञानेश्वरीतलं वज्रासन ते नव्हे. तिथे स्वच्छ सांगितलंय की हे मूळबंधाचं लक्षण, ‘वज्रासन गौण नाम यासी’. त्यात टाच शिवणीवर दाबून बसायचं असतं, आणि पुढे जालंधर आणि उड्डियान असे गळ्याचे-पोटाचे बंधही येतात. पोथी समोर ठेवून एकट्याने करायला गेलं की असे शब्द पायात येतात. शब्द तोच, वस्तू वेगळी. गुरू हवा म्हणतात त्याचं सगळ्यात रुक्ष आणि सगळ्यात खरं कारण मला हेच वाटतं. दाखवणारा माणूस नसेल तर शब्द चुकीच्या वस्तूला चिकटतो.

हठप्रदीपिका तर याबाबत अजिबात आडपडदा ठेवत नाही. दुसऱ्या उपदेशात म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे ‘शनैः शनैः’ वश होतात तसाच वायू, ‘अन्यथा हन्ति साधकम्’, नाहीतर साधकाला मारतो. पुढच्याच श्लोकात योग्य प्राणायामाने सर्व रोग जातात आणि अयोग्य अभ्यासाने सर्व रोग उद्भवतात असं आहे, आणि मग रोगांची नावंच दिली आहेत : उचकी, धाप, खोकला, डोकं, कान आणि डोळे दुखणं. घाम आणि कंप यांचा उल्लेखही तिथे आहे, पण तो प्राणायामाच्या पायऱ्या सांगताना. कनिष्ठ पायरीला घाम, मध्यम पायरीला कंप. म्हणजे हात थरथरणं ही त्या ग्रंथाच्या लेखी मधल्या टप्प्यावरची खूण आहे, कुंडलिनी जागल्याचा दाखला नाही. सुरुवातीच्या काळात दूध-तूप असलेला आहार घ्या, कुंभकाची, म्हणजे श्वास रोखून धरण्याची, संख्या हळूहळू वाढवा, असंही सांगितलंय. व्हिडिओ पाहून पहिल्याच महिन्यात दोन तासांवर गेलेल्या माणसाच्या वेळापत्रकात हे ‘शनैः’ कुठे बसतं, ते त्यालाच विचारा.

शक्तिपात, म्हणजे गुरूने दीक्षा देऊन शिष्याची शक्ती जागी करायची, या परंपरेतला एक शब्द इथे उपयोगी पडेल : ‘क्रिया’. पुण्यात गुळवणी महाराजांच्या वासुदेव निवासामुळे तो मराठी साधकांच्या बोलण्यात चांगला रुळलेला आहे. दीक्षेनंतर आसनावर बसलं असता आपोआप होणाऱ्या हालचाली, थरथर, रडू, श्वासाची बदललेली लय, या सगळ्याला ते क्रिया म्हणतात. क्रिया पाहायच्या असतात, मिरवायच्या नसतात. आसनावरून उठल्यावर माणूस कामाला लागला पाहिजे, ही त्यातली अपेक्षा. दिवसभर आणि रात्रभर चालणाऱ्या गोष्टीला हा शब्द लावणं मला तरी ताणलेलं वाटतं.

एकट्याने केलेल्या अभ्यासाची सर्वात तपशीलवार हकिगत एका काश्मिरी कारकुनाने लिहून ठेवली आहे. गोपी कृष्ण हे त्यांचं नाव. जन्म 1903चा, जम्मूत सरकारी नोकरी. सतरा वर्षं ते रोज पहाटे ध्यान करत होते. गुरू नव्हता. डिसेंबर 1937मध्ये एका पहाटे पाठीच्या कण्यातून धबधब्यासारख्या आवाजासह प्रकाशाचा लोट डोक्यात चढल्याचा अनुभव त्यांना आला. इथवरची गोष्ट लोक हौसेने सांगतात. पुढचं सांगत नाहीत. त्यानंतर त्यांची भूक मेली, झोप उडाली, अंगात आग पेटल्यासारखं होऊ लागलं, बायकामुलांविषयीची ओढसुद्धा आटली. मदत कुणाकडून मिळेना. जिवावर बेतलं तेव्हा त्यांना आठवलं, की शक्ती मधल्या सुषुम्ना नाडीऐवजी पिंगळेतून, म्हणजे उजव्या, सूर्याच्या नाडीतून चढली तर दाह होतो असं म्हणतात. मग डावीकडच्या इडेतून थंड प्रवाह वर जातोय अशी कल्पना ते जीव तोडून करत राहिले आणि आग ओसरली. त्यानंतर थोडं थोडं पण वेळच्या वेळी खाणं हा त्यांनी नियमच करून घेतला. पुरतं सावरायला वर्षं गेली. हे त्यांनी 1967मध्ये पुस्तकरूपाने जगापुढे मांडलं. इडा-पिंगळेचा अर्थ मानायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पण सतरा वर्षं शांतपणे बसलेल्या माणसाचं हे झालं, आणि त्याने त्याला कौतुकाचा नव्हे तर संकटाचा शब्द लावला, एवढं तुमच्या भावाला जरूर सांगा.

थोडं शब्दांबाहेरचं. मी साधक नाही आणि डॉक्टरही नाही, पण ‘जागृत’ या एका शब्दाखाली दोन-तीन निराळ्या गोष्टी जमा होतात, त्या वेगळ्या करायला हव्यात. जोरजोरात भस्त्रिका केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. त्याने ओठ-बोटांना मुंग्या येतात, बोटं आखडतात, डोकं हलकं होतं. श्वास पूर्ववत झाला की काही मिनिटांत हे ओसरतं. ते आपल्या ‘सवेंचि’त बसणारं आहे. पण रात्रीमागून रात्री झोप नसताना थकवाच न जाणवणं, बोलणं भरधाव होणं, आपली विशेष निवड झाल्याची खात्री वाटणं, आवाजांनी आज्ञा देणं, पैसे उधळणं, यातलं काही दिसत असेल तर प्राणायाम आजच थांबवून मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. डॉक्टरांना नुसतं ‘कुंडलिनी’ सांगू नका. किती दिवस, किती तास झोप, किती वेळ श्वासाचा अभ्यास, ते सांगा. ‘औषध घेतलंत तर शक्ती कोमेजेल’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्यासाठी ‘गुरू’ हा शब्द वापरू नका. आजार्‍याचं औषध बंद करा, असं वर सांगितलेल्या ओव्या-श्लोकांत कुठेही नाही.

जाता जाता, व्युत्पत्ती. ‘कुंडल’ म्हणजे वेढा, कडं. कानातलं ‘कुंडल’ही त्यातलंच. वेढा असलेली ती कुंडलिनी. ज्ञानेश्वरीत ती ‘औट वळणी’ आहे, म्हणजे साडेतीन वेटोळ्यांची. औट म्हणजे साडेतीन, तोच जो ‘औटघटकेच्या राज्या’त आहे. हठप्रदीपिका तिला नुसती ‘कुण्डली’ही म्हणते. त्यामुळे लग्न जमवताना पाहतात ती कुंडली आणि ही, दोघी एकाच माहेरच्या.