बहिणीच्या लग्नाला १२ आठवडे: ६८ वरून ५८?

प्रश्न: "धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. वय ३४, उंची ५ फूट ३ इंच, वजन ६८. कोथरूडला राहते, अंडी खाते. एका ठिकाणी १२ आठवड्यांत १० किलोचं पॅकेज सांगितलंय. घेऊ का?"

घेऊ नका. अशाच एका ठिकाणी (नाव नको) मीही पैसे भरले होते, म्हणून जरा तिखट लिहितेय. मी डॉक्टर नाही. थायरॉइड, शुगर, बीपीचा त्रास असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

या पॅकेजांमध्ये दिवसाला ८०० कॅलरींच्या आसपास खायला देतात. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात आणि आपण खूश. त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीरातला साखरेचा साठा संपला की त्याच्याबरोबर साठलेलं पाणीही जातं, पोळी-भात सुरू केला की परत येतं. पण खरा फटका केसांना बसतो. अचानक उपासमार झाली की केसांची बरीच मुळं एकदम विश्रांतीत जातात आणि ते केस दोन-तीन महिन्यांनी गळतात. हिशोब करून बघा: आज सुरुवात केली तर फणीत पुंजके नेमके लग्नाच्या सुमारास. परत उगवतात, पण सहा महिने जातात. तिथे तक्रार केली तर "पाणी बदललं असेल" म्हणतात आणि तेल विकतात.

तुमच्या आकड्यांत खरं गणित असं. रोज साधारण ४५० कॅलरी कमी करायच्या. दिवसाला तीन चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर असेल तर ती काढून १०० जातात. फोडणीतलं आणि पोळीवरचं तेल-तूप दिवसाला दोन छोटे चमचे कमी केलं की ९०. संध्याकाळचं मूठभर फरसाण बंद, १५०. रात्रीची एक पोळी कमी, १००. एवढंच. १२ आठवड्यांनी काटा ६४ च्या आसपास दिसेल, ५८ नाही. कंबर मात्र चार-पाच सेंटिमीटर उतरू शकते, आणि फोटोत दिसते ती कंबर. म्हणून दर रविवारी सकाळी बेंबीच्या रेषेत टेप लावा. काटा दोन आठवडे हलला नाही आणि टेप उतरतेय, तर काही बदलू नका. दोन्ही तीन आठवडे थांबले तर तेल पुन्हा मोजा, तेच बहुतेक वाढलेलं असतं.

कमी खाताना प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि चेहरा ओढलेला दिसतो. तुम्हाला दिवसाला ७० ते ८० ग्रॅम हवीत. सकाळी दोन अंडी (१२), दुपारी घट्ट वरण, उसळ, दही आणि दोन पोळ्या (२५), चार वाजता मूठभर फुटाणे (६), रात्री १०० ग्रॅम पनीर किंवा ४० ग्रॅम कोरडे सोया चंक्स आणि एक भाकरी (२१ ते २३), झोपताना कपभर दूध (८). नुसत्या पातळ वरणावर हे जमत नाही, कितीही वाट्या प्यायल्या तरी.

व्यायाम आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं: खुर्चीवरून उठबस, ओट्याला हात टेकून जोर, रबरी पट्ट्याने पाठीकडे ओढणं, पिशवीत तांदूळ भरून कमरेतून वाकून उचलणं. प्रत्येकी १० चे दोन सेट, तिसऱ्या आठवड्यापासून तीन. १२ सहज झाले की पिशवीत किलोभर वाढवा. पट्टा टाळू नका. पाठ बळकट झाली की खांदे मागे जातात, आणि साडीत तोच फरक सगळ्यात आधी दिसतो. उरलेल्या दिवशी चाला. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चांगल्याच, पण गुडघे दुखतात ते उतरताना. सावकाश उतरा, धावत नको.

दिवाळीचा आठवडा वजन तेवढंच ठेवायचा. फराळ जेवणानंतर खा, चहाबरोबर दिवसभर नको. केळवणांना उपाशी जाऊ नका, घरून दही किंवा अंडं खाऊन जा, म्हणजे पुरी-श्रीखंडावर तुटून पडणार नाही. आठवड्याला दोन केळवणांनी काही बिघडत नाही. रोज होणाऱ्या "थोडं घ्या हो"ने बिघडतं.

अवांतर: ब्लाउजचं माप आत्ता देऊ नका. दहाव्या आठवड्यात द्या आणि आत दोन्हीकडे इंचभर कापड सोडायला सांगा. लक्ष्मी रोडचे शिंपी लग्नसराईत तारखा देत नाहीत, म्हणून तारीख आजच घ्या, माप नंतर. शेवटचे दोन आठवडे वजन कमी करणं पूर्ण बंद, नाहीतर बसवलेला ब्लाउज सैल होतो आणि मेंदीच्या दिवशी चक्कर येते. नवीन व्यायामही त्या दोन आठवड्यांत नको, अंग दुखत असताना अंतरपाटाजवळ तासभर उभं राहणं अवघड जातं.

आणि हो, सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२ आणि टीएसएच करून घ्या. लोह कमी असेल तर पायऱ्या चढताना धाप लागते, आणि आपण उगाच आळसाला दोष देत बसतो.